धागा: कुंद्याच्या दुकानासाठी अडीच सेकंदांचं लोगो स्टिंग, अक्षरं फुटतायत

खडेबाजारचा_भाचा

नमस्कार मंडळी. बेळगावात मामांचं कुंद्याचं दुकान आहे. दिवाळीआधी मोबाईलवर वीस-वीस सेकंदांच्या तीन जाहिराती शूट केल्यात: कढईतलं दूध, कुंदा घोटणारे आचारी, डबा बांधणारी मामी. त्या फेसबुक-इन्स्टावर टाकायच्या आहेत आणि व्हॉट्सॲपवरही फिरवायच्या आहेत. शेवटी दोन-अडीच सेकंदांत लोगो हलत येईल, आणि त्यानंतर पत्ता-फोनचं एंड कार्ड, एवढं मला करायचंय.

लोगो साधा आहे. एक कढई, आणि खाली दुकानाचं नाव. नावाच्या शेवटी 'मिष्टान्न' हा शब्द आहे. डाव्हिंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत Text+ घेऊन अक्षरं एकेक करून यावीत असं लावलं. आधी सुटा 'म' येतो, मग वेलांटी त्याच्या मागे उगवते, मग पायमोडका 'ष्' दिसतो आणि शेजारी वेगळा 'ट'. मामा म्हणाले, "हे काय लहान पोरानं पाटीवर लिहिल्यासारखं?" फॉन्ट बदलून बघितले, तेच. कन्नड आवृत्तीही लागणार आहे, अर्धी गिऱ्हाईकं कन्नड आहेत. तिथं तर याहून वाईट.

काय चुकतंय?

निपाणी_एक्स्प्रेस

फॉन्ट युनिकोड घे बाबा, सगळं ठीक होईल. आणि एंड कार्ड किमान पाच सेकंद ते वीस सेकंदच लागतं, यूट्यूबचा नियम आहे. अडीच सेकंदांचं चालणारच नाही.

अण्णा_फ्लेक्स

लोगोची सीडीआर फाइल आहे का? नसेल तर ज्यानं बोर्ड छापला त्याच्याकडं माग. आमच्याकडं निम्मी गिऱ्हाईकं व्हॉट्सॲपवर आलेला जेपीजी घेऊन येतात, आणि दहा फुटी बोर्ड काढा म्हणतात. बोर्ड किती बाय कितीचा करायचाय?

खडेबाजारचा_भाचा

अण्णा, बोर्ड नाही हो. व्हिडिओच्या शेवटी लोगो हलत येतो, ते. पण सीडीआर मागतो.

निपाणीकर, फॉन्ट युनिकोडच आहे.

फ्रेमवाली

बारा वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फॉन्ट युनिकोड असणं पुरेसं नाही. देवनागरीत टाइप केलेल्या खुणा आणि डोळ्याला दिसणारी अक्षरं एकास एक नसतात. 'मि' मध्ये वेलांटी टाइप होते नंतर आणि दिसते आधी. 'ष्ट' म्हणजे ष, हलन्त आणि ट अशा तीन खुणा, पण दिसतो एक आकार. तुझं सॉफ्टवेअर खुणा मोजून एकेक दाखवतंय. शिवाय जोडाक्षर नीट जुळवणारा भाग त्या टूलमध्ये कच्चा असेल, तर अक्षरं पूर्ण आल्यावरही तुटलेलीच राहतात. शेवटची फ्रेम थांबवून बघ. तिथंही 'ष्' पायमोडकाच असेल तर दुखणं जुळणीचं आहे. तिथं शब्द नीट असेल तर फक्त ॲनिमेशन चुकीच्या ठिकाणी तोडतंय.

दोन्हींवर उपाय एकच. व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव टाइपच करायचं नाही. इंकस्केप फुकट आहे आणि त्यात देवनागरी नि कन्नड दोन्ही नीट जुळतात. तिथं नाव लिही, निवडून `Path > Object to Path` कर, मग `Object > Ungroup`, आणि शेवटी `Path > Union`. आता ते अक्षर राहिलं नाही, चित्र झालं. कुठल्याही कॉम्प्युटरवर फुटणार नाही. पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी काढ, किमान दोन हजार पिक्सेल रुंद, म्हणजे मोठं करताना फाटणार नाही.

`Union` गाळू नकोस. शिरोरेषेचे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. तुकडे वेगवेगळे ठेवून हळूहळू उजळवलेस की चढलेल्या जागी गडद रेघा दिसतात, पत्र्याला डाग दिल्यासारख्या.

आता राहिला प्रश्न नाव आणायचं कसं. त्याआधी सांग, कढईच्या चित्रात उलथनं आहे का?

अण्णा_फ्लेक्स

ताईंचं बरोबर आहे. आमच्याकडं कोरलमध्ये हेच Ctrl+Q. भाच्या, सीडीआर मागशील तेव्हा "कर्व्ह करून द्या" असं सांग. नाहीतर त्याचा जुना फॉन्ट तुझ्याकडं नसला की 'मिष्टान्न'च्या जागी इंग्रजी कचरा दिसेल. कन्नडचंही तसंच, जुन्या फाइली बहुतेक नुडी नाहीतर बरहात असतात. आणि तुझ्याकडं कोरल नसेल तर पीडीएफ माग.

यळ्ळूरकर

माझं ट्रॅक्टरच्या पार्ट्सचं दुकान आहे. गेल्या वर्षी एका स्टुडिओकडून असंच स्टिंग करून घेतलं. त्यांनी एमपी४ दिलं. काळ्या पार्श्वभूमीवर झकास दिसायचं. मी ते माझ्या शेताच्या व्हिडिओवर ठेवलं तर लोगोभोवती काळा चौकोन. परत गेलो तर चौकोन काढून दिला, पण अक्षरांच्या कडेला काजळ घातल्यासारखी काळी किनार. पैसे पूर्ण घेतले होते. आता फोन उचलत नाहीत.

फ्रेमवाली

काका, नेहमीच्या एमपी४मध्ये पारदर्शकता साठवलीच जात नाही, म्हणून चौकोन आला. काजळाचं कारण वेगळं. लोगो काळ्यावर बनवला की कडेच्या अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये काळा रंग मिसळून बसतो. फाइल उघडताना सॉफ्टवेअरला ते मिसळण सांगितलं नाही, तर उजेडाच्या चित्रावर तो काळा वर येतो. अल्फाची सेटिंग `Premultiplied` आणि `Straight` अशी असते, ती उलटी करून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं जातं. स्टुडिओकडून मागायचं ते प्रोरेस ४४४४ किंवा पीएनजीची मालिका.

भाच्याला मात्र हा त्रास नको. स्टिंग स्वतःच्या पूर्ण रंगाच्या पार्श्वभूमीवर कर, जाहिरात तिथं कापून थेट त्यावर जा. पारदर्शकतेची गरजच उरत नाही.

खडेबाजारचा_भाचा

ताई, कढईत उलथनं आहे, लांब दांड्याचं. सीडीआर पण मिळाली.

मी विचार करत होतो, आधी शिरोरेषा डावीकडून उजवीकडं ओढायची आणि मग अक्षरं तिला लोंबत खाली यावीत. वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. कसं वाटतं?

निपाणी_एक्स्प्रेस

भारी कल्पना! एकदम मराठी.

शहापूरची_सून

मराठीला भारी, पण कन्नडचं काय करणार? माझं माहेर धारवाड, घरी दोन्ही भाषा चालतात. कन्नडला शिरोरेषा नाही. बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर आपापला तलकट्टू असतो, सुटा सुटा. दोरी कुणाला बांधणार? मग मराठी स्टिंग थाटात आणि कन्नड नुसतं उजळून आलेलं. गिऱ्हाइकाला ते कळतं बरं का. आपल्याकडं असल्या गोष्टी आधीच नाजूक.

फ्रेमवाली

सूनबाईंनी नेमकं बोट ठेवलं. कल्पना सुंदर आहे, पण एकाच लिपीची आहे. हालचाल लिपीतून न घेता धंद्यातून घे. उलथनं कढईत फिरतं ना? तेच नावावरून फिरव. जिथून जाईल तिथं नाव उघडं पडेल, तळ खरवडल्यासारखं. नाव मराठी असो, कन्नड असो, इंग्रजी असो, हालचाल तीच, वेळ तोच, आवाज तोच. तीन आवृत्त्यांत फक्त एक पीएनजी बदलायचा.

रिझॉल्व्हच्या फ्यूजन पानावर असं कर. नावाच्या पीएनजीला `Polygon` मास्क जोड. त्यात नावाच्या मधोमध जाणारी, किंचित वाकलेली एक उघडी रेघ काढ. `Solid` ची खूण काढून टाक आणि `Border Width` वाढवत ने, रेघ नावाच्या उंचीएवढी जाड होईपर्यंत. मग `Length` ला कीफ्रेम दे, शून्यापासून एकपर्यंत. नाव त्या जाड ब्रशनं रंगवल्यासारखं उघडत जाईल. उलथन्याचा वेगळा पीएनजी त्याच वाटेनं चालव, पण मास्कच्या कडेपेक्षा दोन फ्रेम पुढं. म्हणजे कड उलथन्याखाली झाकलेली राहते. दोघं बरोबर चालले तर नाव उलथनं पोचायच्या आधीच दिसतं आणि सगळी गंमत जाते.

वेळेचा हिशेब मांडते. तुमच्या जाहिराती सेकंदाला किती फ्रेमच्या आहेत?

खडेबाजारचा_भाचा

मोबाईलवर ३० ला शूट केल्यात. स्टिंग मी २५ ला बनवत होतो, कुठंतरी वाचलं होतं की भारतात २५ असतात म्हणून.

फ्रेमवाली

ते टीव्हीचं. तुझी जाहिरात ३० ची असेल तर स्टिंगही ३० लाच बनव. २५ चं स्टिंग ३० च्या टाइमलाइनवर टाकलंस की दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. उलथनं अडखळत फिरतं. ओळखायचं असेल तर बाणाच्या बटणानं एकेक फ्रेम पुढं जा, दर सहावी फ्रेम जागची हलत नाही.

एकूण ७५ फ्रेम धर, म्हणजे अडीच सेकंद. पहिल्या फ्रेमपासून कढई दिसली पाहिजे, रिकामा पडदा नको. नवव्या फ्रेमला उलथनं निघतं, तेहतिसाव्याला नाव पूर्ण उघडतं. पुढच्या सहा फ्रेममध्ये कढई जराशी डुलून बसते. उरलेल्या ३६ फ्रेम काहीही हलवायचं नाही. नवीन माणूस इथंच चुकतो, शेवटपर्यंत काहीतरी फिरवत ठेवतो, आणि बघणाऱ्याला नाव वाचायला निवांत सव्वा सेकंदही मिळत नाही.

निपाणी_एक्स्प्रेस

सगळं मान्य, पण यूट्यूबच्या पाच ते वीस सेकंदांचं कुणी बोललंच नाही.

फ्रेमवाली

तुमचा आकडा बरोबर आहे, गोष्ट दुसरी. चॅनेलवरच्या व्हिडिओच्या शेवटी "हा व्हिडिओ बघा", "सबस्क्राइब करा" असे जे दाबायचे चौकोन येतात, ती यूट्यूबची एंड स्क्रीन. ती ५ ते २० सेकंदांची, आणि व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा लागतो. भाच्याचं एंड कार्ड हे व्हिडिओतलंच चित्र आहे, त्याला कुणाचा नियम नाही. त्याची जाहिरात २० सेकंदांची, तिला ती एंड स्क्रीन लागणारही नाही.

कार्ड मी साडेतीन सेकंदांचं ठेवेन, म्हणजे स्टिंग धरून सहा. उरतात चौदा. घड्याळ लावून कार्डावरचं सगळं मोठ्यानं दोनदा वाच. साडेतीन सेकंदांत दोनदा होत नसेल तर मजकूर जास्त आहे. फोन नंबर आकडा आकडा करून म्हणू नकोस, लोक नंबर वाचत नाहीत, बघून ठेवतात.

यळ्ळूरकर

पण मग नाव शेवटी येणार? आधी चौदा सेकंद कुणाची जाहिरात हे कळणारच नाही. मी तर सुरुवातीलाच टाकलंय.

शहापूरची_सून

मी सुरुवातीला कुणाचा लोगो फिरताना दिसला की अंगठा वर सरकवते. कुंदा दिसला तर थांबेन.

फ्रेमवाली

यूट्यूबवर पाच सेकंदांनी 'स्किप' येतं. त्यातले अडीच लोगोला दिले तर कुंद्याला अडीच उरले. मी पहिल्या फ्रेमपासून कोपऱ्यात छोटा, न हलणारा लोगो ठेवते आणि स्टिंग शेवटी. काकांचा मुद्दा अगदीच चूक म्हणणार नाही. गावात दुकान आधीच नावाजलेलं असेल तर नाव आधी आलेलंही चालतं. दोन्ही करून बघा.

खडेबाजारचा_भाचा

चार दिवसांनी परत आलो. मराठी जमलं, एकदम उलथन्यानं खरवडल्यासारखं. मामी दोनदा बघून गेल्या.

कन्नडमध्ये घोळ आहे. इंकस्केपमध्ये शब्द बरोबर दिसतो, व्हिडिओत मात्र 'ष्टा' खालचा ट आणि शेवटचा न अर्धा कापला जातोय.

शहापूरची_सून

ते ओत्तक्षर. कन्नडमध्ये दुसरं व्यंजन खाली लोंबतं, मराठीपेक्षा बरंच खाली.

फ्रेमवाली

तुझी रेघ मराठी नावाच्या उंचीएवढीच जाड आहे. `Border Width` वाढव आणि रेघ थोडी खाली घे. दोन्ही आवृत्त्यांना हाच मास्क ठेव, मराठीला जास्तीच्या जाडीचा काही त्रास नाही. तपासायचं कसं, तर शेवटच्या फ्रेमवर मास्क बंद-चालू कर. चित्रात तिळाएवढाही फरक पडता कामा नये. मराठीतही बघ, 'मि'च्या वेलांटीचा वरचा फुगा कापला गेला असेल आणि तुझ्या लक्षात आलं नसेल.

खडेबाजारचा_भाचा

होय की! कापलेला होता. चार दिवस कुणाला दिसला नाही.

आवाजाचं विचारायचं राहिलं. फुकट मिळालेला 'धूऽऽम' टाकलाय. लॅपटॉपला हेडफोन लावला की छातीत घुमतो. मामांच्या मोबाईलवर काहीच ऐकू येत नाही. आवाज वाढवला तरी नाही.

फ्रेमवाली

मोबाईलच्या स्पीकरला खालचा खर्ज झेपत नाही. तुझा 'धूम' जवळजवळ सगळा तिथंच आहे. आवाज वाढवून उपयोग नाही, दुसरा आवाज घे, आणि तो तुझ्या दुकानातच आहे. उलथन्याची कढईला लागलेली खरवड. ती वरच्या पट्टीत असते, लहान स्पीकरवर स्वच्छ येते.

भट्टी बंद असताना घे, नाहीतर बर्नरची घरघर येईल. खरवड नऊ ते तेहतीस फ्रेममध्ये बसव आणि शेवटी उलथनं काठावर टेकल्याचा 'टण्ण' तेहतिसाव्या फ्रेमला. एखादी फ्रेम उशिरा चालेल, आधी नको. आवाज चित्राच्या आधी आला की लगेच खुपतो. 'टण्ण'ची घुमक कार्डावर ओसरू दे, स्टिंग संपलं म्हणून कचकन कापू नकोस.

खडेबाजारचा_भाचा

पहाटे पाचला आचाऱ्यांबरोबर उभा राहिलो. रिकामी कढई घंटेसारखी वाजते, खरवड वाटतच नाही. आचाऱ्यांनी मूठभर साखर टाकली आणि म्हणाले, "आता ओढ." तसा आवाज आला. मोबाईल कढईपासून हातभर लांब, पोत्यावर ठेवला होता. मामांच्या फोनवरही ऐकू येतं.

एंड कार्ड असं केलंय: वर लोगो, मग "बेळगावचा कुंदा", पत्ता दोन ओळी, दोन फोन नंबर, क्यूआर कोड, "आमची कुठेही शाखा नाही", आणि सगळ्यात खाली घरपोच मिळेल. मागं तपकिरी रंग, वरून खाली गडद होत जाणारा.

अण्णा_फ्लेक्स

क्यूआर मोठा कर, लहान असला की स्कॅन होत नाही.

शहापूरची_सून

अण्णा, ज्या मोबाईलवर जाहिरात दिसतेय त्याच मोबाईलनं क्यूआर स्कॅन कसा करायचा? आरसा धरून?

फ्रेमवाली

क्यूआर काढ. दुकानातल्या टीव्हीवर लावणार असलास तर तेवढ्यापुरतं वेगळं कार्ड कर.

"सगळ्यात खाली" जे लिहिलंस तेही जाणार. १०८० बाय १९२० च्या उभ्या व्हिडिओत रील्सच्या जाहिरातीसाठी वरचे १४ टक्के आणि खालचे ३५ टक्के मोकळे ठेवायला मेटा सांगते, बाजूंना ६. तिथं खात्याचं नाव, मजकूर, बटणं येतात. वरून साधारण २७० आणि खालून ६७० पिक्सेल गेले. तुझ्या हातात मधले ९८० उरतात, म्हणजे जवळजवळ चौकोनच. त्यात लोगो, एक ओळ, पत्त्याची खूण आणि एकच नंबर. पत्ता पोस्टाचा नको. रिक्षावाल्याला सांगतो तसा लिही, अमक्याच्या समोर.

नंबर पाच-पाच आकड्यांत तोड आणि इंग्रजी आकड्यांत ठेव. देवनागरी आकडे कन्नड वाचणाऱ्याला अडतात, कन्नड आकडे आपल्याला. म्हणजे नंबरची ओळही दोन्ही आवृत्त्यांत तीच राहते.

गडद होत जाणारा तपकिरी काढून सपाट रंग घे. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबतं तेव्हा असल्या रंगाचे पट्टे पडतात, डोंगराच्या नकाशासारखे. कढईवरच्या वाफेच्या बारीक रेघाही पुसल्या जातील. जाड कर नाहीतर सोड. पाठवून बघ, आणि दुसऱ्याच्या फोनवर, भर उन्हात दुकानाबाहेर उभं राहून बघ.

निपाणी_एक्स्प्रेस

एक विचारतो. २०२४ पासून पाट्यांवर ६० टक्के कन्नड लागतं. मग कार्डावर पण मोजून ६० टक्के करायला नको काय?

अण्णा_फ्लेक्स

ते दुकानाच्या पाटीचं आहे. फ्लेक्स छापताना आम्ही मोजूनच देतो. व्हिडिओसाठी माझ्याकडं अजून कुणी मोजमाप मागितलेलं नाही.

यळ्ळूरकर

आज नाही मागितलं, उद्या मागतील. एकाच कार्डावर दोन्ही लिप्या ठेवा, कटकट नको.

शहापूरची_सून

दोन्ही लिप्या एका कार्डावर ठेवल्या तर साडेतीन सेकंदांत दोन्ही वाचून होत नाहीत. मराठी जाहिरातीला मराठी, कन्नडला कन्नड. आमच्या घरी तरी तसंच बघतात.

फ्रेमवाली

मीही वेगळी करेन. पण काकांची काळजी मी खोडून काढणार नाही, दुकान भाच्याच्या मामांचं आहे.

खडेबाजारचा_भाचा

मामांना दोन्ही दाखवली, दुकानाबाहेर, दुपारी दोनला. उन्हात वाफेच्या रेघा खरंच दिसेनात, काढून टाकल्या. कार्डं वेगवेगळीच ठेवूया म्हणाले, पण लोगोत कढईच्या पोटावर 'कुंदा' दोन्ही लिप्यांत लिही म्हणतात. तेवढ्या लहान जागेत दोन्ही बसतात का बघतोय.

आणि "आमची कुठेही शाखा नाही" काढायला ते तयार नाहीत. पत्त्याची ओळ काढ म्हणाले, पण ती ठेव.

अण्णा_फ्लेक्स

बरोबर आहे मामांचं.